अकरा वेळा लिहिलेला आकडा: आपल्याच कारखान्यात धंद्याची कल्पना कशी शोधायची

नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या मशीन शॉपमधून ५,००० पिना झिंक प्लेटिंगला बाहेर जातात. तेव्हा ५,००० हा आकडा आधी प्रॉडक्शनच्या चिठ्ठीवर लिहिला जातो, मग चलन बुकात, मग गेटच्या रजिस्टरमध्ये, मग टॅलीत, मग जॉबवर्कच्या एक्सेलमध्ये. तिकडे प्लेटिंगवाला तो आपल्या वहीत उतरवतो. माल परतताना त्याच्या चलनावर, पुन्हा आपल्या गेटवर, क्वालिटीच्या रिपोर्टवर, पुन्हा एक्सेलमध्ये, आणि शेवटी बिल पास करताना. एकच आकडा अकरा वेळा हातानं लिहिला गेला, आणि महिनाअखेरीस तो जुळत नाही म्हणून दोन माणसं दोन दिवस फोनवर बसली.

नोकरी करता करता धंद्याची कल्पना शोधायची असेल, तर अशा आकड्याचा माग काढणं ही सगळ्यात भरवशाची पद्धत आहे. नाशिकच्या जॉबवर्कचं हेच उदाहरण धरून ती शेवटपर्यंत पाहू.

आधी कुठे पाहायचं ते ठरवू. कंपनीच्या आतल्या आत होणारा त्रास धंद्यासाठी सहसा उपयोगाचा नसतो. मॅनेजरनं उद्या एक सूचना काढली की तो संपतो, शिवाय शेजारच्या गाळ्यात त्याचं रूप वेगळंच असतं. दोन कंपन्यांच्या मधे, म्हणजे आपल्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंत जे अडतं, त्याला मात्र धनी नसतो. आपलं सॉफ्टवेअर आपल्या गेटपाशी थांबतं, त्यांची वही त्यांच्या गेटपाशी. आणि जॉबवर्कच्या बाबतीत कायद्यानं सगळ्यांचा साचा एकच केला आहे. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे माल कर न भरता चलनावर बाहेर पाठवता येतो, पण कच्चा माल आणि अर्धवट झालेला माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा जॉबवर्करच्या जागेवरूनच पुढे विकला जावा लागतो. नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. हा नियम अंबडला आहे तसाच सातपूरला आणि सिन्नरच्या माळेगावला आहे. म्हणून एका ठिकाणी सापडलेलं दुखणं दहा ठिकाणी त्याच रूपात भेटतं.

वीस दिवसांची वही

खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाइलमध्ये नोंदी करू नका. बऱ्याच शॉप फ्लोअरवर तो काढता येत नाही, आणि नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत मिनिटं नेहमी चुकतात. कामाचे वीस दिवस लिहायचं आणि सुरुवात महिन्याच्या १५ तारखेच्या सुमाराला करायची. म्हणजे महिनाअखेर मधोमध येते. पहिल्या तारखेला सुरुवात केली तर दोन-अडीच आठवडे सगळं सुरळीत दिसतं आणि खरा गोंधळ सुरू होतो तेव्हा वही संपत आलेली असते.

एका ओळीत पाच गोष्टी पुरतात: किती वाजता, हातानं नेमकं काय केलं, आकडा कुठून कुठे गेला, किती मिनिटं लागली, आणि तो चुकला असता तर कोणाचं काम अडलं असतं. उदाहरणार्थ: “१०.४०. प्लेटिंगच्या परतीच्या चलनावरून एक्सेलमध्ये भरलं. मूळ चलन नंबर नव्हता, फोन करून विचारला. १२ मिनिटं. चुकला तर बिल अडतं.” “चलनाचं काम फार किचकट आहे” अशी ओळ मात्र वहीत नको. ती तक्रार झाली, तिच्यातून काहीच मोजता येत नाही.

लोकांना “तुम्हाला काय त्रास आहे?” असं विचारूनही फारसं हाती लागत नाही. रोज तेच करणाऱ्याला ते त्रास वाटायचं कधीच थांबलेलं असतं. त्यापेक्षा हात पाहा. क्रेटवर खडूनं लिहिलेले आकडे, चलनाच्या कोपऱ्यात लाल पेननं मारलेला गोल, कार्टनच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावरचा हिशोब. सगळ्यात मोलाची खूण म्हणजे कोणाची तरी स्वतःची चोपडी. स्टोअरवाल्यानं कोणी न सांगता, स्वतःच्या सोयीसाठी एखादी वही ठेवली असेल तर समजा की तिथे काहीतरी इतकं अडतं की माणसानं स्वतःच हत्यार बनवून घेतलं. तो रजेवर गेला की काय काय थांबतं तेही त्याच आठवड्यात नोंदवा.

वहीत ग्राहकांची नावं, दर, ड्रॉइंग नंबर उतरवू नका. कामाची रीत लिहायला त्यांची गरज पडत नाही, आणि पुढे नोकरी सोडताना ती वही कोणासमोरही उघडता आली पाहिजे.

ओळींची वाटणी

वीस दिवसांत साधारण शंभर-सव्वाशे ओळी होतात. त्यांचे दोन ढीग करायचे. पहिल्या ढिगात ते काम, जे पुन्हा पुन्हा हातानं होतं पण सुरळीत होतं, जसं रोज संध्याकाळी चलनांची टॅलीत नोंद करणं. दुसऱ्या ढिगात ते काम, जे मधेच थांबतं आणि फोन, चिठ्ठी किंवा कोणाच्या तरी आठवणीवर पुढे जातं.

नवखा माणूस पहिल्या ढिगाकडे धावतो, कारण तिथे मिनिटं जास्त दिसतात. पण ती मिनिटं विकणं अवघड आहे. समजा, महिन्याला १८० चलनं बाहेर जातात आणि माल हप्त्याहप्त्यानं येतो म्हणून परतीच्या ३१० नोंदी होतात. एकेका नोंदीला ४ मिनिटं धरली तर सुमारे ३३ तास. त्यात महिनाअखेरच्या ताळमेळाचे ३ दिवस, म्हणजे २४ तास. एकूण ५७ तास. क्लार्कचा पगार २२,००० रुपये आणि महिन्याचे २०८ तास धरले तर तासाला १०६ रुपये पडतात, म्हणजे सगळे मिळून ६,००० रुपयांच्या आसपास. कागदावर हा आकडा बरा दिसतो, पण मालक तो वाचलेला पैसा म्हणून धरत नाही, आणि त्याचं बरोबरही आहे. क्लार्कचा पगार तसाच द्यायचा आहे. वेळ वाचला तर तो दुसरं काम करेल इतकंच.

दुसऱ्या ढिगात पैसा खरोखर बाहेर जातो किंवा अडकून पडतो. तिकडेच लक्ष द्यायचं.

एका चलनाच्या मागे चाला

दुसऱ्या ढिगातलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं अडथळ्याचं काम निवडा आणि त्यातलं एक चलन जन्मापासून बंद होईपर्यंत पाहा. आपल्या उदाहरणात १८० पैकी १४ चलनं महिनाअखेरीस जुळत नाहीत असं धरू. त्यातलं एक पिनांचं आहे. ५,००० पाठवल्या, प्लेटिंगवाल्याच्या परतीच्या चलनांवर बेरीज ५,०००, पण आपल्या स्टोअरनं मोजल्या तर ४,९७०. आता दोघंही खरं बोलतायत असं धरून चाला. सुरुवातीलाच एकाला चोर ठरवलं की तपास तिथेच संपतो.

पीन १० मिलिमीटर व्यासाची आणि २० मिलिमीटर लांबीची आहे. पोलादाची म्हणजे वजन सुमारे १२.३ ग्रॅम. पाच हजार पिना कोणी हातानं मोजत नाही. दहा पिना काट्यावर ठेवून सरासरी काढतात आणि एकूण वजनाला भागतात. काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर दहा पिनांच्या १२३ ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक बसू शकते. ती झाली ०.४ टक्के, म्हणजे पाच हजारात २० पिना. सॅम्पल शंभर पिनांचं घेतलं की तीच अर्ध्या ग्रॅमची चूक दहापट लहान होते आणि फरक २ पिनांवर येतो.

वर प्लेटिंगचं स्वतःचं वजन आहे. ८ मायक्रॉन झिंक चढलं तर या पिनेवर साधारण ०.०४५ ग्रॅम वाढतं. क्षुल्लक वाटतं, पण ते मूळ वजनाच्या ०.३६ टक्के आहे. परत आलेला माल जुन्याच सरासरीनं भागला तर पाच हजारात सुमारे १८ पिना नसताना आहेत असं दिसतं. म्हणजे कमतरता झाकली जाते, आणि असेंब्लीच्या वेळी डबा रिकामा निघाला की उघडी पडते. प्लेटिंगनंतर सरासरी नव्यानं काढली पाहिजे, ती बहुतेक ठिकाणी काढत नाहीत.

इतकं खोलात का जायचं? कारण “चलन जुळत नाही” एवढ्यावर थांबला असता तर तुम्ही थेट ॲप बनवायला बसला असता, आणि त्या ॲपमध्ये काट्यावरून आलेला चुकीचाच आकडा झटपट भरला गेला असता.

आधी फुकटात बरं करून पाहा

कल्पना शोधणाऱ्यांपैकी बहुतेक जण नेमकी ही पायरी गाळतात. सापडलेलं दुखणं एक रुपयाही खर्च न करता बरं होतं का ते आपल्याच कारखान्यात एक महिना करून पाहायचं. होत असेल तर चांगलंच, कंपनीचं भलं झालं. पण त्यावर धंदा उभा राहणार नाही, कारण तोच उपाय शेजारीही फुकट करेल.

आपल्या उदाहरणात तीन फुकट उपाय आहेत. सॅम्पल शंभर पिनांचं आणि परतीच्या मालासाठी सरासरी नवी. प्रत्येक परतीच्या चलनावर मूळ चलनाचा नंबर. तो नसेल तर गेटवर माल बाजूला ठेवायचा आणि नंबर मिळाल्यावरच आत घ्यायचा. आणि चलनाच्या नंबरात आर्थिक वर्ष घालायचं. शेवटचा उपाय साधा दिसतो पण मोठी घाण साफ करतो. एप्रिलमध्ये चलन बुक पुन्हा १ पासून सुरू होतं आणि मार्चचं चलन मे महिन्यात परत आलं की १४२ नंबर कोणत्या वर्षाचा तेच कळत नाही. `JW2526-0142` असा नंबर ठेवला तर प्रश्न मिटतो. जीएसटी नियम ५५ प्रमाणे चलनाचा नंबर १६ अक्षरांपर्यंत चालतो, हा ११ अक्षरांत बसतो.

समजा, महिन्याभरानं न जुळणारी चलनं १४ वरून ५ वर आली. ही उरलेली पाच चलनंच तुमचा खरा शोध आहे. ती सूचना देऊन का गेली नाहीत हे शोधायला प्लेटिंग शॉपमध्ये जाऊन उभं राहावं लागतं.

तिथे कारण डोळ्यांना दिसतं. पिनेसारखे लहान भाग बॅरलमध्ये घालून, बॅरल फिरवत प्लेट करतात. बॅरल अर्धवट भरून चालवणं परवडत नाही, कारण वेळ तेवढाच जातो. म्हणून सोमवारच्या चलनातल्या उरलेल्या ९०० पिना आणि बुधवारच्या चलनातल्या २,१०० पिना एकाच बॅरलमध्ये जातात. एकदा मिसळल्या की कोणती पीन कोणत्या चलनाची हे देवालाही सांगता येणार नाही. वर काही पिनांना फोड येतात, त्या स्ट्रिप करून पुन्हा प्लेट होतात आणि आठवड्यानं तिसऱ्याच चलनाबरोबर परततात. मूळ चलन नंबर लिहायचा तर सुपरवायझर अंदाजानं लिहितो. तो काही आळशी नाही, त्याच्याकडे खरं उत्तरच नाही.

आता कल्पनेला आकार येतो. लागतंय ते असं काहीतरी, जे बॅरलमध्ये कोणत्या चलनातल्या किती पिना गेल्या हे घालतानाच टिपून ठेवेल, आणि बाहेर आलेला माल, रिजेक्शन आणि रीवर्क एका ठरलेल्या नियमानं, जुनं चलन आधी या क्रमानं, मूळ चलनांवर वाटून देईल. “जॉबवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर” या ढोबळ नावापेक्षा हे फार वेगळं आणि फार नेमकं आहे.

दुखणं नेमकं कोणाचं

आतापर्यंत आपण मशीन शॉपच्या बाजूनं पाहिलं, कारण नोकरी तिथे आहे. पण पैसे देणारा ग्राहक पलीकडचाही असू शकतो. पाच चलनं जुळत नाहीत म्हणून मशीन शॉपचे अकाउंट्सवाले प्लेटिंगवाल्याचं सगळं बिल रोखतात. त्याच्याकडे असे तीस ग्राहक असतील तर तीस प्रकारची चलनं, तीस एक्सेल आणि प्रत्येकाकडे थोडं थोडं अडकलेलं बिल. मशीन शॉपला हा ताप महिन्यातून तीन दिवस आहे, प्लेटिंगवाल्याला तो रोजचा आहे.

बिल रोखणं मशीन शॉपलाही आता महाग पडतं. जॉबवर्कर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही भर पडली. ही मुदत उलटली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षात वजा मिळतो. ३१ मार्चला पिनांच्या भांडणात अडकलेलं बिल म्हणजे त्या वर्षी तेवढ्या रकमेवर जादा कर.

तिसरा दाब आयटीसी-०४ या विवरणपत्राचा. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ते वर्षातून दोनदा, २५ ऑक्टोबर आणि २५ एप्रिलपर्यंत भरायचं असतं. ५ कोटींपर्यंत असेल तर एकदाच, २५ एप्रिलपर्यंत. त्यात पाठवलेला आणि परत आलेला माल चलनावार मागतात. या तारखांच्या आधीचे दहा दिवस मशीन शॉपमधलं वातावरण पाहून ठेवा. कल्पना विकायची वेळ तीच असेल.

दुसऱ्यांच्या दारात जाण्याआधी

एक कागद काढून वाचा: तुमचं नेमणूकपत्र. नोकरीचा भाग म्हणून तुम्ही काही लिहिलं किंवा बनवलं तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर त्याचा पहिला मालक कंपनी असते. एक्सेल शीट आणि प्रोग्रामही त्यात आले. म्हणून कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या कामासाठी बनवलेली शीट घरी नेऊन विकू नका. घरी, स्वतःच्या यंत्रावर, नव्यानं आणि काल्पनिक आकड्यांवर बनवा. “नोकरी सोडल्यावर दोन वर्षं असा धंदा करणार नाही” अशी अट पत्रात असेल तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा अटींना सहसा मान्यता देत नाही. पण नोकरीत असतानाची बंधनं आणि गुप्ततेची अट वेगळी, ती पाळावीच लागते. मालकाशी संबंध चांगले असतील तर सगळ्यात सरळ वाट म्हणजे त्यांना सांगणं आणि “हे काम कंपनीच्या कामाबाहेरचं आहे” अशा दोन ओळी लिहून घेणं. पुढे तेच पहिले ग्राहकही होऊ शकतात. पत्रातली अट गुंतागुंतीची वाटली तर वकिलाची फी द्या.

बारा भेटी

सहा मशीन शॉप आणि सहा जॉबवर्कर निवडा. प्लेटिंगबरोबर एखादा हीट ट्रीटमेंटवाला आणि पावडर कोटिंगवालाही घ्या, कारण लॉट मिसळण्याचा प्रकार तिथे वेगळा असतो. पावडर कोटिंगमध्ये भाग हुकवर टांगलेले असतात, ते डोळ्यांनी मोजता येतात. तिथे हे दुखणं कमी सापडलं तर तुमचं निदान बरोबर आहे. ओळखी नसतील तर निमा आणि अंबडची आयमा या उद्योजकांच्या संघटनांचे कार्यक्रम असतात, तिथे जॉबवर्कवाले भेटतात.

तारीख पाहून जा. दरमहा जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची आणि ३बी ची २० ची असते, त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस अकाउंट्सवाला डोकं वर काढत नाही. १२ ते १६ आणि २१ ते २६ हे दिवस बरे. सकाळी माल चढवण्या-उतरवण्याची घाई संपल्यावर, साडेअकराच्या पुढे.

प्रश्न एकच आणि तो मागच्या महिन्याबद्दलचा: “गेल्या महिन्यात कोणतं चलन अडकलं होतं? जरा दाखवता का?” त्यानंतर गप्प बसायचं. “असं सॉफ्टवेअर केलं तर घ्याल का?” हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे दारात आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही. “करा की, घेऊ” म्हणतात, चहा पाजतात आणि विसरतात. या होकाराच्या भरवशावर नोकरी सोडलेल्यांची फसगत ठरलेली.

प्रत्येक भेटीनंतर लिहा: कागद प्रत्यक्ष दाखवला का, भांडण किती दिवस चाललं, कोणी मिटवलं, किती रुपये सोडून द्यावे लागले, आणि हे टाळायला त्यांनी आधी काही केलं होतं का. शेवटचा मुद्दा सगळ्यात जड. ज्यानं यासाठी कोणाकडून तरी पैसे देऊन एक्सेल बनवून घेतलं आहे, तो पुन्हा पैसे देईल. ज्यानं काहीच केलेलं नाही त्याला तेवढं दुखत नाही, तोंडानं काहीही म्हणो. बारापैकी सात-आठ ठिकाणी मिसळलेला लॉट आणि रीवर्क हीच कारणं निघाली तर पुढे जा. सात ठिकाणी सात कारणं निघाली तर तुम्हाला फक्त आपल्या कंपनीची खोड सापडली आहे.

पहिलं उत्पादन: एक गुगल शीट आणि तुमची संध्याकाळ

प्रोग्रामरला पैसे देण्याआधी एका प्लेटिंगवाल्याचं काम तीन महिने हातानं करा. एका शीटमध्ये दोन पानं पुरतात. `OUT` या पानावर मशीन शॉपमधून आलेली चलनं: `A` चलन नंबर, `B` तारीख, `C` पार्ट नंबर, `D` पार्टीचं नाव, `E` नग. `IN` या पानावर परतीच्या नोंदी: `A` परतीचं चलन, `B` मूळ चलन, `C` पार्ट नंबर, `D` तारीख, `E` चांगले नग, `F` रिजेक्ट परत. मग `OUT` च्या `F2` मध्ये बाकी:

```
=E2-SUMIFS(IN!E:E,IN!B:B,A2,IN!C:C,C2)-SUMIFS(IN!F:F,IN!B:B,A2,IN!C:C,C2)
```

आणि `G2` मध्ये चलन किती दिवस उघडं आहे:

```
=IF(F2>0,TODAY()-B2,"")
```

पार्ट नंबरची अट काढू नका. एका चलनावर दोन पार्ट असले की फक्त चलन नंबरवर केलेली बाकी चुकते, आणि ती चूक लवकर दिसत नाही. बाकी उणे आली तर एकतर एका चलनाचा माल दुसऱ्यावर टाकला गेलाय, नाहीतर मोजणीत फरक आहे. ती ओळ त्याच दिवशी सोडवा. चलन नंबरच्या शेवटी चुकून स्पेस पडली तरी सूत्राला ती ओळ सापडत नाही. माल आलाय हे माहीत असून बाकी पूर्ण दिसत असेल तर आधी तेच तपासा.

बॅरलसाठी वेगळा कागद. सुपरवायझरला मोबाइलवर काही भरायला लावू नका. हातमोजे ओले असतात, जवळच ॲसिडची टाकी असते. लॅमिनेट केलेल्या कागदावर मार्करनं तीन रकाने: बॅरल नंबर, कोणतं चलन, किती किलो. शिफ्ट संपली की त्याचा एक फोटो. संध्याकाळी तुम्ही तो शीटमध्ये उतरवता आणि जुनं चलन आधी या नियमानं वाटणी करता. या कामाला रोज चाळीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर तुमचा नियम अजून गुंतागुंतीचा आहे. त्या अवस्थेत प्रोग्रामर लावला तर तो गुंता कोडमध्ये पक्का बसेल.

पहिल्या महिन्यापासून पैसे घ्या, थोडे का होईना, महिना १,५०० रुपये. फुकट दिलेल्या शीटची चूक कोणी कळवत नाही, नुसती वापरायची थांबवतात. पैसे घेतले की फोन येतो, आणि त्या फोनमधूनच पुढचं शिकायला मिळतं.

नाशिकमध्ये राहून एक मोह आवरावा लागतो, तो द्राक्षाच्या पॅकहाउसचा. तिथे हातानं होणारी कामं अंबडपेक्षा जास्त दिसतील आणि वही चार दिवसांत भरेल. पण हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. चुकीचं निदान कळलं तर ते दुरुस्त करून पुन्हा पाहायला वर्ष थांबावं लागतं. पहिल्याच कल्पनेला दर महिन्याला परीक्षा देणारं जॉबवर्कसारखं क्षेत्र बरं.

तीन महिन्यांनी दोन गोष्टी तपासा. प्लेटिंगवाल्याची अडकलेली बिलं खरंच मोकळी होतायत का, हे मशीन शॉपच्या पेमेंटच्या तारखांवरून कळतं. त्याच्या तोंडच्या कौतुकावर जाऊ नका. दुसरं, त्याच्या तीस ग्राहकांपैकी कोणी “आमच्या चलनांची बाकी आम्हालाही रोज दिसेल का?” असं विचारलं का? एका जॉबवर्करच्या मागून त्याचे ग्राहक येऊ लागले तरच या कल्पनेला वाढायला वाट आहे. कोणीच विचारलं नसेल तर एक दिवस ठरवून संध्याकाळची शीट पाठवू नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्लेटिंगवाल्याचा फोन आला तर निदान तो एक ग्राहक तरी पक्का आहे, त्याच्यासारखे आणखी पाच शोधा. फोन आलाच नाही, तर शीट बंद करून त्याच वहीतल्या दुसऱ्या ढिगाची पुढची ओळ उघडा.